छज्जा, वळचण आणि पडवी किती बाहेर काढावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले हिशेब रत्नागिरीच्या आसपासच्या घरांसाठी केले आहेत. म्हणजे अक्षांश १७, चिऱ्याच्या किंवा विटांच्या भिंती, पश्चिमेला समुद्र आणि तिकडूनच येणारा पाऊस. सिंधुदुर्ग, रायगड किंवा गोव्यात उन्हाचे आकडे थोडेच बदलतील. पुण्या-साताऱ्याकडे ऊन जवळपास हेच असलं, तरी पावसाचा भाग वाचताना हात आखडता घ्यायला हरकत नाही. पुणे शहरात वर्षाला सातशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस पडतो आणि कोकणात अडीच-तीन हजार, तेव्हा दोन्हीकडे एकाच मापाचा छज्जा घालण्यात अर्थ नाही.

एकच आकडा सांगा ना. छज्जा दीड फूट की दोन फूट?

बहुतेकांना एवढंच हवं असतं, पण नुसत्या रुंदीवरून काही ठरत नाही. छज्जाची बाहेरची कड भिंतीपासून किती लांब आहे, आणि त्या कडेपासून खिडकीचा तळ किती खाली आहे, ही दोन मापं एकत्र बघावी लागतात. दोन फुटांचा छज्जा दोन फूट उंचीच्या झरोक्याला भरपूर होतो. तोच छज्जा जमिनीपर्यंतच्या फ्रेंच खिडकीवर असला तर नुसता शोभेचा.

त्यामुळे मिस्त्रीला "दोन फूट काढ" असं सांगण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या. ही भिंत कुठल्या दिशेची आहे? आणि कड आणखी खाली आणता येईल का? दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण कोकणात निम्मं उत्तर त्यातच असतं.

दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात किती छज्जा लागतो?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बराच कमी. रत्नागिरीला मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो दिवसभर उत्तरेच्या बाजूलाच राहतो. या काळात दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही, छज्जा असो वा नसो.

प्रश्न राहतो तो मार्च-एप्रिलचा. २१ मार्चच्या सुमारास एक फूट छज्जा खाली जवळपास सव्वातीन फूट भिंत सावलीत ठेवतो. म्हणजे दीड फुटाच्या छज्ज्यात चार फुटांची खिडकी पूर्ण झाकली जाते. शिवाय त्या दिवशी दक्षिण भिंतीवरची ही सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत जवळपास एकाच रेषेवर राहते, त्यामुळे फक्त बाराचा हिशेब करून फसण्याची भीती नसते. पुढे एप्रिलमध्ये सूर्य आणखी वर चढतो आणि सावली अजून खाली उतरते.

डिसेंबरात त्याच एक फुटाची सावली सव्वा फुटाच्याही आत येते, म्हणजे थंडीतलं ऊन खिडकीतून आत येतं. कोकणात त्याची फारशी गरज नसते. देशावर मात्र सकाळी ते हवंसं वाटतं.

मग पश्चिमेची खोली मे महिन्यात भट्टीसारखी का तापते? तिथेही दोन फुटी छज्जा आहे.

कारण दुपारनंतर सूर्य खाली उतरतो, आणि आडवा छज्जा फक्त वरून येणारं ऊन अडवतो. मेच्या मध्यावर रत्नागिरीत पश्चिमेच्या भिंतीवर दोन फुटी छज्ज्याची सावली घड्याळाप्रमाणे अशी सरकते: दोन वाजता ती कडेपासून सव्वापाच फूट खाली असते, तीन वाजता तीन फुटांच्या जरा आत, चार वाजता पावणेदोन फूट, आणि पाच वाजता जेमतेम एक फूट. हवा सर्वात तापलेली असते त्या तीन ते पाचच्या वेळातच छज्जाची सावली आक्रसत जाते.

मग चार फुटी छज्जा करावा का? पाच वाजता त्याची सावलीही दोनच फूट पडेल. पश्चिमेला रुंदी वाढवून हा खेळ जिंकता येत नाही. कड खाली आणावी लागते, किंवा खिडकीसमोर काहीतरी उभं आडवं घालावं लागतं: पडवी, झाप, बांबूची चटई, नाहीतर एखादं झाड. मांगरासाठी किंवा गाडीसाठी जागा शोधत असाल तर ती पश्चिमेलाच काढा. भिंतीवरचं ऊन ती आपल्या अंगावर घेते.

पूर्वेच्या भिंतीला हाच हिशेब सकाळी उलटा लागतो. पण सकाळची हवा थंड असल्याने त्याचा त्रास कमी जाणवतो.

उत्तरेला छज्जा नको ना?

उन्हासाठी लहानसा पुरतो. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडून जातो खरा, पण दुपारी तो इतका उंच असतो की फूटभर छज्जा भिंत झाकून टाकतो. फक्त सकाळी आणि संध्याकाळी तिरकं ऊन भिंतीला चाटून जातं. उत्तरेला छज्जा काढायचा तो मुख्यतः पावसासाठी, आणि तिथेही पश्चिमेपेक्षा कमी चालतो.

पावसासाठी किती हवा? झड आली की खिडकीतून पाणी आत येतंच.

थेंब सरळ पडला असता तर अर्धा फूटही पुरला असता. पण मध्यम आकाराचा, म्हणजे दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. वारा ताशी १८ किलोमीटर असेल, म्हणजे माडाच्या झावळ्या नीट हलताना दिसतील इतका, तर तो थेंब एक फूट खाली येताना पाऊण फूट आडवाही सरकतो. वारा ताशी ३६ किलोमीटर झाला की फुटामागे दीड फूट. जुलैत किनाऱ्याजवळच्या उघड्या सड्यावर असा वारा काही नवल नाही.

आता चार फूट उंचीची खिडकी धरा, तळ जमिनीपासून तीन फुटांवर आणि छज्जा बरोबर वरच्या चौकटीपाशी. मध्यम वाऱ्यात दोन फुटी छज्जा वरचे दोन फूट आठ इंच कोरडे ठेवील आणि खालचा सव्वा फुटाचा पट्टा भिजेल. संपूर्ण खिडकी कोरडी हवी असेल तर तीन फूट लागतील. जोराच्या वाऱ्यात मात्र सहा फूट लागतील, आणि एवढा सिमेंटचा छज्जा कोणी काढत नाही. काढूही नये.

म्हणून नीट समजून घ्या: छज्जा रोजच्या पावसासाठी असतो, झडीसाठी नाही. झडीपासून खिडकी वाचवायची असेल तर पडवी हवी, किंवा खिडकी स्वतःच पाणी परतवणारी हवी. हा हिशेबही ढोबळच आहे. भिंतीपाशी वारा अडून वळतो, त्यामुळे भिंतीच्या मधल्या भागापेक्षा वरचे कोपरे आणि कडा जास्त भिजतात. दुमजली घरात वरच्या मजल्याची कोपऱ्यातली खिडकी आधी गळते ती यामुळे.

जुन्या घरांची पडवी इतकी खाली का असायची? डोकं आपटायचं.

डोकं आपटायचं हे खरं, पण ती उंची उगाच ठेवलेली नव्हती. सात फूट रुंद पडवी घ्या. वासे भिंतीला दहा फुटांवर बसवले आणि वळचण साडेसहा फुटांवर आणली. मेच्या दुपारी चार वाजता तिची सावली जवळजवळ जमिनीपर्यंत पोचते, ऊन भिंतीच्या पायाशी चार बोटांत संपतं. पाच वाजता ऊन पावणेतीन-तीन फुटांपर्यंत चढतं, म्हणजे खिडकीच्या तळाच्या जरा खालीच थांबतं. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यातही भिंत पावणेदोन-दोन फुटांच्या खालीच भिजते आणि खिडकी कोरडी राहते.

आता हीच पडवी सात फुटांचीच ठेवून वळचण नऊ फुटांवर न्या, आजकाल 'हवेशीर दिसते' म्हणून करतात तशी. चार वाजता ऊन पावणेतीन फुटांपर्यंत आणि पाच वाजता साडेपाच फुटांच्या जवळ पोचेल. जोराच्या झडीत सव्वाचार फुटांपर्यंतची भिंत भिजेल, म्हणजे खिडकीचा खालचा भाग सरळ पाण्यात. पत्रा तेवढाच, खांब उलट उंच म्हणून महाग, आणि उपयोग अर्धा.

साडेसहा फूट फारच कमी वाटत असेल तर ये-जा करायच्या जागी तेवढाच भाग उंच ठेवा आणि खिडक्यांसमोरची वळचण खाली राहू द्या. पूर्वी ओटीच्या पायऱ्यांपाशी असंच करत.

घर बांधून झालंय, पश्चिमेला दीड-दोन फुटांचा सपाट छज्जा आहे. आता काय करता येईल?

हा सर्वात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. सिमेंटचा छज्जा वाढवायला जाऊ नका. जुन्या छज्ज्याला नवीन तुकडा जोडणं म्हणजे वजन वाढवून तडा बोलावणं. त्याऐवजी छज्ज्याच्या बरंच वर, पत्रा छज्ज्याची कड ओलांडून उतरेल इतक्या उंचीवर, भिंतीत लोखंडी कंस बसवून पत्र्याचा किंवा कौलांचा उतरता सायवान काढा.

पावसाच्या प्रश्नातल्या त्याच चार फुटी खिडकीचा हिशेब पुन्हा करू. पत्रा छज्ज्यावरून भिंतीपासून तीन फूट बाहेर नेला आणि कड सहा फुटांवर आणली. मध्यम वाऱ्यात संपूर्ण खिडकी कोरडी राहते. जोराच्या वाऱ्यात तळाचा फूटभर भाग भिजतो, आधी पावणेतीन फूट भिजत होता. उन्हाकडे बघा: चार वाजता खिडकीच्या तळाला चार इंचांचा पट्टा सोडून सगळी सावली. पूर्वी त्या वेळी सव्वादोन फूट खिडकी उन्हात होती. पाच वाजता तळाचा जवळपास दीड फूट भाग उन्हात येतो, त्याला इलाज पडदा किंवा झाप.

फक्त एक गोष्ट तपासून घ्या. बाहेरून चालायची वाट असेल तर सहा फुटांवरची पत्र्याची धार धोक्याची आहे. तिथे कड गोल वळवून घ्या किंवा खाली एखादी कुंडी नाहीतर पायरी ठेवून वाटच बाजूला वळवा. खिडकीचं झडप बाहेर उघडत असेल तर ते पत्र्याला लागतंय का तेही आधी बघा.

पत्रा आणि भिंत यांच्या सांध्यात नुसतं सिमेंट भरू नका. दुसऱ्या पावसाळ्यात तिथे चीर पडलेली असते. पत्र्याची पट्टी भिंतीत इंचभर खाच काढून घुसवावी आणि ती खालच्या पत्र्यावर सहा इंच तरी यावी.

छज्जा खिडकीच्या बाजूला किती लांबवावा?

खिडकीएवढाच लांब छज्जा ही ठेकेदाराची बचत असते. वारा सहसा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीला पाऊस दक्षिणेच्या अंगाने तिरका मारतो. त्या बाजूला फूट-दीड फूट आणि उत्तरेला नऊ इंच वाढ ठेवा. दोन खिडक्या जवळजवळ असतील तर एकच सलग छज्जा करणं सोपंही आणि चांगलंही.

छज्जा असूनही खिडकीखाली ओल येते. पाणी येतंय कुठून?

ते छज्ज्याच्या रुंदीशी संबंधित असेलच असं नाही. डाग कुठे आहे ते आधी बघा.

डाग खिडकीच्या वर, छज्जा आणि भिंतीच्या सांध्यापाशी असेल तर छज्जावर पाणी साठतंय. वरचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, फुटाला पाव इंच तरी, आणि भिंतीशी सिमेंटची गोलाई मारलेली हवी. अनेक छज्जांवर पावसाळ्यात शेवाळ आणि माती साठून उतार उलटा झालेला असतो. वर चढून नारळाच्या हिराच्या झाडूने साफ केलं तरी अर्धं काम होतं. चढताना छज्ज्यावर उभं राहू नका, शिडीवरूनच करा.

डाग छज्जाच्या खालच्या पृष्ठभागावरून भिंतीकडे सरकत आलेला दिसला, तर खालची खाच नाही किंवा भरून गेली आहे. छज्जाच्या तळाला, कडेपासून इंच-दीड इंच आत, बोटाच्या पेराएवढी खाच लांबीभर ओढलेली असते. पाणी तिथे तुटून खाली पडतं. खाच नसेल तर ते तळाला चिकटून थेट खिडकीच्या चौकटीपर्यंत येतं, आणि मग तीन फुटी छज्जाही कुचकामी ठरतो. रंगकाम करताना पुट्टीने ही खाच बुजवणं नेहमी घडतं. नवी खाच कापता येत नसेल तर ॲल्युमिनियमची छोटी कोनपट्टी कडेला चिकटवून स्क्रू मारा.

डाग खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत असेल तर बहुधा दोष खिडकीचाच. स्लायडिंग खिडकीच्या रुळाला पाणी बाहेर जायची भोकं असतात, ती धुळीने किंवा सिलिकॉनने बंद झालेली असतात. खालची दगडी पाटी बाहेर उतरती नसून आत उतरलेली असते, हाही नेहमीचा प्रकार.

तरीही कळत नसेल तर पाऊस नसताना नळीने पाणी मारून बघा, पण नेहमी खालून वर. आधी पाटीवर दहा मिनिटं, मग चौकटीवर, मग छज्जाच्या सांध्यावर. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही.

वळचणीचं पाणी जोत्यावर उडतं, चिरा काळा पडतो. त्याला काय करायचं?

पागोळ्या जमिनीवर पडल्या की पाणी फूट-दीड फूट उडतं. वळचण जोत्याच्या कडेपासून किमान दोन फूट पुढे हवी. ते जमत नसेल तर पागोळ्यांच्या रेषेखाली मातीऐवजी हाताएवढ्या दगडांचा पट्टा घाला, म्हणजे थेंब फुटून चिखल उडत नाही. पन्हळ लावली तर प्रश्न सुटतो, पण फणस-आंब्याखालच्या घरात ती पानांनी तुंबते आणि पाणी उलट आत येतं. झाडाखाली पन्हळ लावायची असेल तर जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला ती साफ करायची तयारी ठेवा, नाहीतर दगडांचा पट्टाच बरा.

तीन फुटी सिमेंटचा छज्जा चालेल का?

चालतो, पण अभियंत्याने सळ्या काढून दिल्या तर. छज्जा एका बाजूने भिंतीत अडकलेला असतो, त्यामुळे ताण वरच्या बाजूला येतो. मुख्य सळ्या वर हव्यात आणि त्या लिंटेलमध्ये मागे नीट अडकलेल्या हव्यात. काँक्रीट ओतताना कामगार त्यांच्यावर पाय देतात, सळ्या खाली दबतात, आणि छज्जा पहिल्या वर्षीच भिंतीपाशी वरून चिरतो. काँक्रीट पडताना स्वतः समोर उभं राहून बघण्यासारखं काम असेल तर हे. दोन फुटाला भिंतीपाशी चार इंच जाडी चालते, तीन फुटाला पाच इंच तरी धरा. फळ्या दोन आठवडे आणि वरची भिंत चढेपर्यंत काढू नका, त्या भिंतीचं वजनच छज्ज्याला मागे धरून ठेवतं.

शेजाऱ्याच्या बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेत साधारण पाऊण मीटरपेक्षा जास्त छज्जा सहसा मंजूर होत नाही. नकाशा टाकण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विचारून घ्या.

वळचण जास्त बाहेर काढली तर वादळात छप्पर उडणार नाही का?

शंका रास्त आहे. बाहेर काढलेल्या भागाला वारा खालून उचलतो आणि वरून ओढतो, दोन्ही एकाच वेळी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे सहसा कडेपासूनच उचकटले. आधाराशिवाय दोन-अडीच फुटांपेक्षा जास्त पत्रा बाहेर काढू नका. त्यापुढे कंस किंवा खांब द्या. कडेच्या ओळीत प्रत्येक नागमोडीला नाही तरी एक आड एक जे-हुक मारा, मधल्या ओळींत दोन आड एक चालेल. आणि खांब जमिनीत काँक्रीटमध्ये धरलेला हवा, फरशीवर नुसता टेकवलेला नाही. लोक पत्रा घट्ट बांधतात आणि खांब मोकळे ठेवतात. मग वादळात अख्खी पडवी एक तुकडा होऊन उचलली जाते.

कौलं घालावी की पत्रा?

सावलीसाठी कौलं. त्यांच्या फटींतून हवा खेळते आणि खाली उभं राहिल्यावर डोक्यावर ऊब जाणवत नाही. पण मंगलोरी कौलांना तीस अंशांच्या आसपास उतार लागतो. कमी ठेवलात तर झडीच्या वाऱ्यात पाणी सांध्यातून वर सरकतं, आणि वळचणीचं पाणी आढ्याला जाण्याची गोष्ट खरोखर घडते. पत्र्याला दहा-बारा अंशही पुरतात, म्हणून कमी उंचीत जास्त रुंदी हवी असेल तिथे तोच सोयीचा. शिवाय माकडं. ज्या गावात त्यांचा उपद्रव आहे तिथे कौलांचा विचार करताना दरवर्षी शे-दीडशे कौलं बदलायची तयारी आहे का, हे घरातल्या शिडीवर चढणाऱ्या माणसाला विचारून ठरवा.